छप्पन डायट

गेल्या दिवाळीत शर्टाचं बटण लावायला सुई हवी होती म्हणून आईच्या शिलाई मशीनचा खण उपसत होतो. बॉबिनी, मार्किंगचा खडू, पिकोचे रंगीत दोरे, आणि सगळ्यात खाली चार घड्या घातलेला एक कागद. वरच्या बाजूला आईच्या अक्षरात मापं होती. छाती ३६, उंची १४, बाही १०, मागचा गळा ७. कागद उलटला तर माझं अक्षर. इंजिनिअरिंगच्या असाइनमेंटला लागतात तसला, एक बाजू कोरी असलेला कागद. वर तारीख: २४ एप्रिल २०१६.

ते मी आईबाबांना लिहिलेलं एकमेव पत्र. तेव्हा मी सांगलीला पहिल्या वर्षाला होतो. घर लातूर जिल्ह्यात. व्हॉट्सअॅप होतं, फोन होता, आणि तरी पत्र लिहिलं, कारण फोनवर बाबांशी पैशांचं बोलणं कधी पूर्ण व्हायचं नाही. मी आकडा सांगितला की ते "बघू" म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. कागदावर लिहिलं की ते वाचतात, हे मला माहीत होतं. बँकेची नोटीससुद्धा ते दोनदा वाचतात.

पत्र पोस्टाने गेलं नाही. आई महिन्याला एसटीने पिठाचा डबा पाठवायची. रात्री लातूरहून सुटणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा, मी सकाळी स्टँडवरून घ्यायचा. रिकामा डबा त्याच वाटेने परत जायचा. त्या रिकाम्या डब्यात कागद ठेवून दिला. अजून त्याला ज्वारीच्या पिठाचा वास येतो असं म्हणायचा मोह होतोय, पण खरं सांगायचं तर मशीनच्या तेलाचा येतो.

*

*ती. आई व बाबा यांना शि. सा. नमस्कार.*

*मी खुशाल आहे. पत्र बघून घाबरू नका. दुसऱ्या वर्षाला होस्टेल मिळण्याइतके मार्क आहेत. फॉर्म १० मेच्या आत भरायचा आहे. बाबा म्हणाले होते की रूमवर हाताने करून खाल्लं तर स्वस्त पडतं, होस्टेलला खोलीत शेगडी चालत नाही, म्हणून रूमच बरी. मी मार्च महिन्याचा सगळा हिशेब काढला आहे. तो वाचून मग ठरवा. माझं मत आहे की होस्टेलला जावं आणि तिथल्या मेसमध्ये जेवावं.*

*आमच्या रूमवर आम्ही दोघं आहोत. मार्चमध्ये ३१ दिवस, म्हणजे ६२ जेवणं. त्यातली ३४ आम्ही रूमवर केली. १९ वेळा बाहेर खाल्लं. ९ वेळा काहीच नाही. म्हणजे "हाताने करून खातो" हे निम्म्याहून थोडंसंच जास्त खरं आहे.*

*

इथे थांबून सांगतो की हा हिशेब माझा नव्हता. जतचा माझा रूम पार्टनर दोनशे पानी वहीत रोजचा खर्च लिहायचा. तारीख, वस्तू, रक्कम, कोणी दिले. शेजारी जेवणाचा रकाना, त्यात "रूम", "बाहेर" किंवा आडवी रेघ. भांडणं होऊ नयेत म्हणून त्याने तो रकाना सुरू केला होता. महिनाअखेरीला बेरीज करताना मला पहिल्यांदा त्या रेघा मोजाव्याशा वाटल्या.

रेघा का पडायच्या, तेही सांगायला हवं, कारण रूमवर स्वयंपाक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फोडणीचा चर्र आवाज येतो. प्रत्यक्षात दोन पोरांचा स्वयंपाक फोडणीवर अडत नाही, भांड्यांवर अडतो. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर यायचं. रात्रीची भांडी रात्री घासली नाहीत तर सकाळी पाणी भरायचं, आंघोळ करायची की कुकर घासायचा, असा प्रश्न पडायचा. कुकर तसाच राहिला की संध्याकाळी वरण-भात होत नाही. एक कुकर खरकटा म्हणजे पुढची दोन जेवणं गेली. एक बाहेर, एक रेघ. सबमिशनच्या आठवड्यात तर सलग तीन रेघा आहेत.

दुसरी अडचण भाजीची. अर्धा किलोच्या खाली भाजीवाला पिशवी भरताना तोंड वाकडं करतो. फ्रिज नाही. दोघांनी अर्धा किलो गवार दोन दिवस खायची किंवा तिसऱ्या दिवशी टाकायची. गॅसचं सांगतच नाही, पण पत्रात ते सांगितलं होतं, कारण मला बाबांना थोडं घाबरवायचंही होतं.

*

*गॅस पाच किलोच्या छोट्या टाकीवर आहे. ती भरून देणारा दुकानदार मोठ्या सिलेंडरमधून पाइप लावून मागच्या खोलीत भरून देतो. हे बेकायदेशीर आहे आणि टाकीचा व्हॉल्व्ह मधून मधून वास मारतो. रूममालकांना माहीत आहे पण ते काही बोलत नाहीत.*

*आता पैशांचं. मार्चमध्ये दोघांत मिळून गॅस ४५०, भाजी ६४०, तेल १६०, दूध ६२०, मीठ-मसाला-साबण २१०. एकूण २०८०, म्हणजे माझे १०४०. बाहेरची १९ जेवणं सरासरी ४० रुपयांनी ७६०. असे माझे १८०० रुपये गेले.*

*शिवाय घरून आलेलं. ज्वारी आणि गहू मिळून ८ किलो, तांदूळ ३ किलो, तूरडाळ २ किलो माझ्या वाट्याची. बाजारभावाने त्याचे ५६५ होतात. म्हणजे माझं जेवण २३६५ रुपयांना पडलं आणि तरी ९ वेळा उपाशी.*

*मेसचं गेल्या महिन्याचं बिल २०१६ रुपये आलं आहे. त्यात महिन्याची ५६ जेवणं आहेत. रविवारी रात्री मेस बंद असते. म्हणजे मेस ३४९ रुपयांनी स्वस्त आहे.*

*

२०१६ साली २०१६ रुपये बिल, हे मला तेव्हा फार शुभ वाटलं होतं.

हे बिल कसं निघायचं ते पत्रात मी एका ओळीत उरकलं आहे. ते इथे नीट सांगतो, कारण पुढे बाबांनी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं. ती मेस ठेकेदाराची नव्हती, मुलं चालवायची. दरवर्षी मुलांमधूनच मेस सेक्रेटरी निवडला जायचा. किराणा उधारीवर यायचा, आचारी पगारी. महिनाभर जेवायला आलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे रजिस्टरमध्ये खूण व्हायची. एक वेळचं जेवण म्हणजे एक डायट. महिन्याचा सगळा खर्च भागिले सगळ्यांचे मिळून डायट, हा झाला डायटचा दर. त्या महिन्यात खर्च होता २ लाख १ हजार ६०० आणि डायट ५६००. भागाकार बरोबर ३६ रुपये. छप्पन वेळा जेवला तर २०१६.

या छत्तीस रुपयांत सात रुपये पगाराचे होते. आचारी आणि मदतनीस मिळून महिन्याला ३९ हजार २०० घ्यायचे. उरलेले एकोणतीस किराणा, भाजी आणि गॅसचे. आम्ही रूमवर आचाऱ्याचे पगार देत नव्हतो, मग आमचं जेवण स्वस्त का नव्हतं? कारण शंभर माणसांची भाजी पहाटे मार्केट यार्डातून पोत्याने येते आणि आमची अर्धा किलोने यायची. शंभर माणसांत एकाने जेवण बुडवलं तर त्याची पोळी दुसरा खातो. आमच्यात एकाने बुडवलं तर ती टोपल्यात वाळायची. मी आज जे काम करतो त्यात याला बॅचिंग म्हणतात आणि त्यावर लोक तासभराची प्रेझेंटेशनं देतात.

पण हे गणित उलटंही फिरतं, आणि ते मी पत्रात लिहिलं नाही. मे महिन्यात परीक्षा संपली की मुलं घरी जातात. समजा डायट ५६०० वरून २००० वर आले. किराणा त्या प्रमाणात कमी होतो, पण आचाऱ्यांचा पगार तेवढाच. मग पगाराचे सात रुपये एकदम १९ रुपये ६० पैसे होतात आणि छत्तीसचा डायट पन्नाशीला टेकतो. जी मुलं बॅकलॉगसाठी थांबलेली असतात त्यांनाच हा दर पडतो. मेस स्वस्त असते ती भरलेली असताना. पहिल्याच महिन्याचं बिल बघून मेस निवडू नये, मागच्या मे आणि डिसेंबरचं बघावं. मी बघितलं होतं. मला ते पत्रात घालावंसं वाटलं नाही, एवढंच.

पत्रात न घातलेली दुसरी गोष्ट जास्त मोठी होती.

*

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. सांगलीपासून मिरज म्हणजे सिटी बसने अर्धा तास. दहा टाक्या, एकेकीत साधारण पन्नास हजार लिटर, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत माझ्या घराच्या दिशेने. कॉलेजात सगळे मला विचारायचे, "तुमच्याकडे खरंच इतकं वाईट आहे का रे?" मी हो म्हणायचो आणि मग गप्प बसायचो. त्या आठवड्यात मी रूमवर पाणी वाया घालवायला लाजत होतो. भांडी कमी पडावीत म्हणून रात्री एकदाच कुकरभर भात लावायचो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यालाच फोडणी द्यायचो.

त्यातल्या एका दिवशी रात्री नऊला केलेला भात मी दुपारी एकला खाल्ला. खोलीवर पत्रा, बाहेर बेचाळीस. भाताला वास नव्हता, तार सुटलेली नव्हती, चवही बरी होती. चांगला परतून, वाफ काढून खाल्ला. तीन वाजता उलट्या सुरू झाल्या आणि साडेपाचला पार्टनर मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. दोन बाटल्या सलाईन.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "भात कधीचा होता?" मी म्हणालो, पण गरम करून खाल्ला. ते म्हणाले, त्याने काही होत नाही. तेव्हा कळलं नव्हतं, नंतर वाचलं. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, बॅसिलस सेरियस नावाच्या. भात शिजतो तेव्हा ते सगळे मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात आणि एक विष सोडतात. दुसऱ्या दिवशी फोडणी दिल्यावर जिवाणू मरतीलही, विष मरत नाही. ते उष्णतेला दाद देत नाही. म्हणून खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या होतात. वासावरून, चवीवरून ते ओळखता येत नाही. ओळखायची खूण एकच, भात किती वेळ कोमट होता.

मग आई लहानपणापासून शिळ्या भाताला फोडणी देत आली, आम्हाला कधी काही कसं झालं नाही? हे मी तिला पुढे बऱ्याच वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, "अरे, उरलेला भात मी परातीत पसरून ठेवते की. कुकरात कोंडला तर बुरसा वास येतो." तिच्या दृष्टीने ते वासासाठी होतं. पसरलेला भात लवकर निवतो, कोमट राहायला वेळच मिळत नाही, आणि सकाळी आठला तो संपलेला असायचा. मी झाकण लावून, शिट्टी ठेवून, सोळा तास त्याला उबेत जपला होता. फोडणीचा भात मला येत होता. परात मला कोणी शिकवली नव्हती, आणि आमच्या रूमवर परात नव्हतीही.

मेसमध्ये असं होत नाही असं मी म्हणणार नाही. उलट मोठं पातेलं कुकरपेक्षा कितीतरी सावकाश निवतं, आणि तिथे चूक झाली तर शंभर जण आडवे होतात. पण त्या मेसमध्ये दोन्ही वेळा ताजं व्हायचं आणि उरलेला भात रात्रीच म्हशीवाला बादलीतून घेऊन जायचा. कुठलीही मेस बघायला गेलात तर मेन्यू विचारू नका, उरलेला भात कुठे जातो ते विचारा. सोमवारी सकाळी नाश्त्याला फोडणीचा भात असेल, तर रविवारी रात्री मेस बंद होती हे लक्षात ठेवून मोजा, तो कधीचा आहे.

हे सगळं माझ्या युक्तिवादातलं सगळ्यात भक्कम कलम होतं. पण ते लिहिलं असतं तर आई दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसली असती. म्हणून पत्रात फक्त मार्च आहे. एप्रिलचं नाव नाही.

*

*आईला सांगायचं म्हणजे, मेसमध्ये पोळी-भाजी, वरण, भात असतो. ज्वारीची भाकरी आठवड्यातून एकदा. वरण पातळ असतं पण गरम असतं. महिन्यातून एकदा फीस्ट असते. पीठ आणि डाळ आता पाठवायची गरज पडणार नाही, ते घरी वापरता येईल. तुझा त्रासही वाचेल.*

*आपला निर्णय कळवावा.*

*

शेवटच्या परिच्छेदाची मला आज लाज वाटते. "तुझा त्रासही वाचेल." ती पहाटे गिरणीत नंबर लावायची, पीठ गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही, भरलं तर घाम सुटतो म्हणून. दर महिन्याला त्या डब्यातून ती माझ्यापर्यंत येत होती आणि मी तिला, एक खर्च कमी झाला, अशा सुरात कळवलं होतं.

उत्तर पत्राने आलं नाही. चार दिवसांनी आईचा फोन आला. हिशेबाचं काहीच बोलली नाही. म्हणाली, "नऊ वेळा काहीच नाही म्हणजे?"

मी म्हणालो, "अगं, तसं नाही, कधी कधी भूकच नसते."

"नऊ वेळा?"

मी सबमिशनचं काहीतरी सांगितलं. तिने फोन बाबांकडे दिला. नेहमी उलटं व्हायचं.

बाबा म्हणाले, "मेसमध्ये चहा असतो का?"

नसतो, म्हणालो.

"मग दूध तर लागणारच. तुझ्या वाट्याचे तीनशे दहा मेसच्या बाजूला धर." थोडं थांबून म्हणाले, "आन दाण्याचे पाचशे पासष्ट कशाला धरलेस?"

मी त्यांना ऐटीत समजावून सांगितलं की ते धान्य विकलं असतं तर तेवढे पैसे आले असते, म्हणून तो खर्चच आहे. पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र नव्हतं, पण मला वाटायचं मला येतं.

"विकायला किती आहेत बघून जा एकदा," बाबा म्हणाले. "त्या वर्षीचं हाय ते खायला ठेवलेलं. दाणे घरचे हायत बाबा. पैसे घरचे न्हाईत."

फोन ठेवल्यावर मी पुन्हा बेरीज केली. मेसचे २०१६ आणि चहाचे ३१०, झाले २३२६. रूमवर खिशातून जात होते १८००. म्हणजे मी ज्याला ३४९ रुपयांची बचत म्हणत होतो, ती घरासाठी महिन्याला ५२६ रुपयांची जादा रोकड होती. धान्य कणगीत राहिलं असतं, ते कोणी खाल्लं असतं, पण मेसचा सेक्रेटरी ज्वारी घेत नाही. त्याला महिन्याच्या दहा तारखेच्या आत नोटा लागतात. २०१५ चा पाऊस गेलेला, सोयाबीन हातचं गेलेलं, आणि दिवाळीत तूरडाळ दोनशेच्या घरात गेली तेव्हा आमच्याकडे विकायला तूर नव्हती. आम्ही तुरीच्या गावात राहून डाळ विकत आणली होती.

माझ्या हिशेबात एकही बेरीज चुकली नव्हती. रुपये आणि ज्वारी एकाच रकान्यात मांडले होते, एवढीच चूक. शेतकऱ्याच्या घरून आलेल्या कितीतरी मुलांच्या रूमवर स्वयंपाक याच कारणासाठी चालतो, त्यांना वेळेची किंमत कळत नाही म्हणून नाही. घरचं जे आहे ते डब्यात घालून पाठवता येतं. जे नाही ते पाठवता येत नाही.

मी ठरवलं, फॉर्म भरायचा नाही. ते ठरवून मेच्या पहिल्या आठवड्यात घरी गेलो.

*

बाबांनी वही मागितली. पत्रात मी वहीचा उल्लेख केला होता आणि पार्टनरने ती मला बिनदिक्कत दिली होती, कारण त्याला वाटलं मार्चचंच पान बघतील. बाबा ओट्यावर बसून वही वाचत होते. मार्चचं पान झालं. त्यांनी पान उलटलं.

एप्रिलमध्ये पार्टनरच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: दवाखाना + सलाईन २, ६५०, मी दिले. खाली कंसात: याच्याकडून घेणे. शेजारच्या जेवणाच्या रकान्यात पाच रेघा.

बाबांनी काही विचारलं नाही. वही मिटून मांडीवर ठेवली. मी उठून बाहेर गेलो आणि उगाच टाकीत किती पाणी आहे ते बघून आलो. रात्री जेवताना ते म्हणाले, "फॉर्म कधीपर्यंत आहे?"

"दहा तारीख."

"भर."

"पैसे?"

आई भाकरी थापत होती. तिने मागे न बघता सांगितलं, "एका ब्लाऊजचे साठ येतात. महिन्याला आठ-नऊ जादा घेतले की झालं. गल्लीतल्या बायका म्हणतच असतात घे म्हणून." मग बाबांना म्हणाली, "ह्याच्या दोस्ताचे साडेसहाशे आधी द्या."

म्हणजे तिलाही वही दाखवून झाली होती.

मला तेव्हा शिलाईचे दर माहीत नव्हते, म्हणून आठ-नऊ ब्लाऊज म्हणजे काय हे कळलं नाही. साधा ब्लाऊज, अस्तराशिवाय, बसल्या बैठकीला तिला तीन तास लागतात. हुक आणि हातशिलाई वेगळी. मी रूमवर स्वयंपाकात रोज दीड तास जातो म्हणून कुरकुर केली होती. तो वेळ मला परत मिळाला आणि त्यातला बराचसा, सरळ हिशेबाने, तिच्या मशीनवर गेला. पत्राच्या कोऱ्या बाजूवरची मापं कधीची आहेत हे मी तिला दिवाळीत विचारलं. तिला आठवत नव्हतं. "कागद चांगला जाड होता," म्हणाली.

जुलैत बाबा मला होस्टेलला सोडायला आले. गेस्टचं कूपन काढून आम्ही मेसमध्ये जेवलो. वाटाणा-बटाटा, पोळ्या, वरण, भात. बाबांनी वरण वाटीत फिरवून बघितलं, काही बोलले नाहीत, दुसऱ्यांदा घेतलं. हात धुऊन आल्यावर त्यांनी सेक्रेटरीला विचारलं की रजिस्टर बघता येईल का. थर्ड इयरचा मुलगा होता, तो जरा गोंधळला, पण त्याने दिलं. बाबा तिथेच बाकावर बसले आणि चष्मा लावून वाचायला लागले. नावं, खुणा, मधली कोरी घरं. पाच-सात मिनिटं गेली. पोरं ताटं घेऊन त्यांच्या बाजूने जात होती.

मग एका कोऱ्या घरावर बोट ठेवून त्यांनी सेक्रेटरीला विचारलं, "हा चार दिवस गावी गेला तर पैसे कापता का?"

"हो काका. सलग तीन दिवस नसला तर कट मिळतो. पण आधी सांगावं लागतं."

"आधी म्हणजे कधी?"

"आदल्या दिवशी. रजिस्टरमध्ये लिहून."

बाबा माझ्याकडे वळले. "लिहीत जा," म्हणाले.

पुढच्या महिन्यात स्टँडवरून फोन आला की डबा आलाय. मला वाटलं आईला सवयीने राहवलं नाही, पीठ पाठवलं. उघडून बघितलं तर काठोकाठ शेंगदाण्याची चटणी, अडीच-तीन किलो असावी. रात्री मेसमध्ये नेली. आमचं टेबल आठ जणांचं होतं. चटणी चार दिवस पुरली, आणि पाचव्या दिवशी सेक्रेटरी स्वतः रिकामा डबा घेऊन माझ्या खोलीवर आला, परत कधी पाठवणार विचारायला.